लग्न मोडलं, पैठणीचा अ‍ॅडव्हान्स अडकला

येवल्यातल्या एका विणकर घरातली सून पैठणीच्या ऑर्डरी मोबाईलवर घेते. रंग, काठ, पदरावरचे मोर ठरले की तिचा ठरलेला मेसेज जायचा: ‘ऑर्डर पक्की करण्यासाठी ५० टक्के अ‍ॅडव्हान्स पाठवा. अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही.’ पुढे हात जोडल्याचं चित्र. वर्षभर याच दोन ओळींवर धंदा चालला.

मग एकीचं लग्न मोडलं. २४ हजारांची जांभळी पैठणी, काठ मोरपंखी. १२ हजार भरून पाचवा दिवस. रेशीम अजून रंगवायलाही गेलं नव्हतं. मुलीच्या आईने पैसे परत मागितले, हिने मेसेजकडे बोट दाखवलं. ‘‘तुमचं काय नुकसान झालं ते तरी सांगा,’’ बाई म्हणाल्या. त्याचं उत्तर हिच्याकडे नव्हतं. ‘‘ताई, मी खोटं काय बोलले? लिहिलंच होतं की,’’ असं म्हणत तिने तो मेसेज मला दाखवला.

लिहिलं होतं हे खरं, पण तेवढ्याने भागत नाही. आपण सगळ्याच आगाऊ पैशाला अ‍ॅडव्हान्स म्हणतो. कायदा मात्र इसार आणि नुसती आगाऊ रक्कम यांत फरक करतो. सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेला तो इसार. किमतीतला हप्ता आधी दिला तर ती आगाऊ रक्कम. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मालमत्तेच्या व्यवहाराबद्दल सांगितलं, की जप्त होऊ शकतो तो इसार, आणि तसं करारात स्पष्ट हवं. शिवाय १८७२च्या करार कायद्याचं ७४वं कलम म्हणतं, की करार मोडल्यास द्यायची रक्कम आधी ठरलेली असली, तरी वाजवी भरपाईच मिळते; ठरलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. म्हणजे त्या बाईंचा प्रश्न अगदी नेमका होता.

मग आम्ही मेसेज बाजूला ठेवून आधी साडीचाच हिशेब मांडला. रेशीम, जर आणि रंगाई मिळून साडेसहा हजार. रंगवण्याआधी रेशीम कोणत्याही साडीला चालतं, तेव्हा नुकसान जवळपास शून्य. जांभळं झालं की गिऱ्हाईक शोधावं लागतं. मागावर ताणा चढला की माग अडकतो आणि विणकराची मजुरी सुरू होते. रद्द करण्याच्या अटी या तीन टप्प्यांवरच बसवल्या. टक्केवारीने नुसतं भांडण वाढतं. ‘रेशीम रंगवलं’ हे कोणालाही कळतं, फोटोत दाखवताही येतं.

नवा मेसेज असा झाला:

‘तुमच्या जांभळ्या पैठणीची किंमत २४ हजार रुपये. काम सुरू करण्यासाठी १२ हजार इसार म्हणून घेत आहोत. तो किमतीतूनच वजा होईल. रेशीम १० तारखेला रंगवायला जाईल. त्याआधी ऑर्डर रद्द केली तर पूर्ण पैसे परत. रंगवल्यानंतर, पण मागावर चढण्याआधी रद्द केली तर साडेसहा हजार कापून साडेपाच हजार परत. मागावर चढल्यावर इसार परत मिळणार नाही. रंगवलेली लडी उन्हात धरून फोटो पाठवू, हवी तर कुरियरनेही पाठवू. तुम्ही होकार दिल्यावरच विणायला घेऊ. ठरलेल्या तारखेला साडी आमच्याकडून झाली नाही, तर थांबायचं की रद्द करायचं ते तुम्ही ठरवा. रद्द केल्यास १२ हजार सात दिवसांत त्याच खात्यावर परत.’

शेवटच्या वाक्यावर ती अडली. ‘‘विणकर आजारी पडला तर मी काय करू?’’ तारीख चार आठवडे पुढची दे, म्हटलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आलेली पैठणी कितीही सुरेख असो, त्या घराला काय कामाची? जुन्या मेसेजमध्ये गिऱ्हाइकाने शब्द मोडला तर काय ते होतं, दुकानदाराने मोडला तर काय, याचा पत्ताच नव्हता. लडीच्या फोटोचं वाक्य मात्र तिनेच सुचवलं. मोबाईलवर जांभळा निळसर दिसतो, यावरून तिने बोलणी खाल्ली होती. अर्थात लडी पसंत केली म्हणून विणीतला दोष पदरात घ्यावा लागत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथाच. म्हणून ‘कोणत्याही कारणाने पैसे परत नाहीत’ हे वाक्य आम्ही कुठेच ठेवलं नाही.

एका मुद्द्यावर आमचं जमलं नाही. मागावरची साडी नंतर दुसऱ्या कोणी घेतली, तर पहिल्या बाईंचा इसार का ठेवायचा? माझ्या मते खर्च कापून उरलेलं परत द्यावं, आणि तसं लिहावंही. ती म्हणाली, ‘‘देईन, पण लिहिणार नाही. लिहिलं की रोज विचारतील, विकली का म्हणून.’’

मोडलेल्या लग्नाच्या बाईंना तिने १२ हजार परत केले. नवा मेसेज पुढच्या गिऱ्हाइकाला गेला, तेव्हा पाचच मिनिटांत उत्तर आलं: ‘१० ऐवजी १४ला रंगवाल का? सासूबाईंना रंग दाखवायचाय.’ तिने तारीख बदलून मेसेज पुन्हा पाठवला. पैसे दोन दिवसांनी आले.