उष्टावणानंतरची वाटी: घरचे अन्न, पाकिटातले सिरियल आणि टाळायच्या वस्तू

सहा महिने, म्हणजे साधारण १८० दिवस पूर्ण झाले की बाळाला नुसते आईचे दूध पुरत नाही. दूध सुरूच ठेवायचे असते. पण वाढत्या अंगाला लागणारी काही ऊर्जा आणि जवळपास सगळे लोह आता अन्नातून यावे लागते. लोहाचा प्रश्न जास्त अवघड आहे. जन्मताना बाळ लोहाचा साठा घेऊन येते आणि तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो. आईच्या दुधातले लोह चांगले शोषले जाते, पण ते मुळातच फार थोडे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील ६ ते ५९ महिन्यांची ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. त्यामुळे पहिले अन्न निवडताना, मग ते घरचे असो वा पाकिटातले, दोन गोष्टी पाहाव्यात: थोड्या घासांत पुरेशी ऊर्जा मिळते का, आणि त्यात लोह आहे का.

या कसोटीवर सर्वात आधी बाद होते ते वरणाचे पाणी. डाळीवरचे निवळ पाणी किंवा भाताची पातळ पेज ‘पचायला हलकी’ म्हणून दिली जाते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावते. ती जागा पाण्याने भरली तर बाळ शांत होते, पण वजन वाढत नाही. चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळून न जाणारे, घट्टसर मऊ अन्न हवे. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मुगाची डाळ शिजवून, घोटून, वर चहाचा एक चमचा तूप घातलेला मऊभात ऊर्जेच्या बाबतीत उत्तम ठरतो. २० ग्रॅम तांदूळ आणि १० ग्रॅम डाळ घेतली तर तुपासकट सुमारे दीडशे कॅलरी होतात. सुरुवात मात्र दिवसातून दोनदा, दोन-तीन चमच्यांनीच करायची. आठव्या महिन्यापर्यंत दोन-तीन वेळा, दर वेळी अर्धी वाटी, इथवर हळूहळू पोहोचायचे.

याच मऊभातात लोह मात्र अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासच असते आणि वनस्पतिजन्य असल्याने त्यातलेही थोडेच अंगी लागते. लिंबाचे चार थेंब किंवा शिजवलेल्या टोमॅटोचा गर घातला तर शोषण सुधारते. मांसाहारी घरात कोंबडीची मऊ शिजवून वाटलेली काळीज किंवा खिमा हा लोहाचा सर्वात भरवशाचा मार्ग आहे. तो ‘मोठा झाल्यावर’ म्हणून मागे ठेवण्याचे कारण नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचे सिरप दिले जाते, तेही याच उणिवेसाठी.

नाचणीचे सत्त्व हा महाराष्ट्राचा ठेवणीतला उपाय. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, पण लोह १०० ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्याला फायटेट अडकवून ठेवते. भिजवून मोड आणल्याने फायटेट काही प्रमाणात कमी होते. शिवाय मोडातल्या अमायलेजमुळे खीर चिकट गोळा न होता सैल राहते, म्हणून तेवढ्याच खिरीत जास्त पीठ मावते. त्यासाठी नाचणी रात्रभर भिजवतात, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणतात, मग वाळवून, मोड चोळून काढून, हलके भाजून दळतात. फडक्यातून वस्त्रगाळ करून फक्त पांढरे सत्त्व घेतले तर कोंड्याबरोबर प्रथिने आणि लोहही निघून जाते. बारीक चाळणीने चाळणे पुरते.

पाकिटातल्या सिरियलची जमेची बाजू इथेच आहे: त्यात लोह वरून घातलेले असते. घरगुती उद्योगांच्या ‘ऑरगॅनिक’ सत्त्वांत आणि सुकामेव्याच्या पुडींत ते सहसा नसते, किंमत मात्र अधिक असते. म्हणून पाकीट घ्यायचेच तर पोषणतक्त्यात लोहाचा आकडा असलेले घ्यावे. पुढचा आकडा साखरेचा. समजा, एका पाकिटावर १०० ग्रॅममागे लोह १० मिलिग्रॅम, एकूण साखर २४ ग्रॅम आणि ‘ॲडेड शुगर’ १२ ग्रॅम लिहिले आहे. २५ ग्रॅमच्या एका वाटीत अडीच मिलिग्रॅम लोह मिळाले, म्हणजे मऊभाताच्या पाचपट; पण वरून घातलेली साखरही ३ ग्रॅम, सुमारे पाऊण चमचा. उरलेली साखर दुधाची किंवा फळांची असू शकते. त्यातली दुधाची साखर चिंतेची नाही. २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध सिरियलमध्ये वाटीमागे सरासरी जवळपास इतकीच साखर दाखवली. त्याच कंपनीचे युरोपातले तसेच उत्पादन बिनसाखरेचे होते. त्यानंतर बिनसाखरेची पाकिटे इथेही मिळू लागली. ‘ॲडेड शुगर ०’ दिसले तरी घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तीन-चारांत माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप, माल्टचा अर्क, खजूर किंवा गुळाची पावडर असेल तर ते पाकीट परत ठेवावे.

१९९२ च्या कायद्याने अशा पाकिटांवर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायला बंदी आहे. दोन वर्षांखालील बाळांसाठीच्या खाद्याची जाहिरातही करता येत नाही. हसऱ्या बाळाचा फोटो छापलेली पुडी ऑनलाइन दिसली, तर विकणाऱ्याला नियम ठाऊक नाहीत किंवा त्यांची पर्वा नाही. चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक नसेल तर ती घेऊच नये. दूध मिसळलेले सिरियल उकळून कोमट केलेल्या पाण्यातच कालवावे, वाटीत आणि चमच्याने. बाटलीत भरू नये. नुसत्या तांदळाचे सिरियल रोज देणे बरे नाही, कारण तांदूळ जमिनीतले आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त शोषतो.

टाळायच्या वस्तूंत मध पहिला. बाळगुटीत घातलेला किंवा बोटावर चाटवलेला थेंबही एक वर्षापर्यंत नको. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. मलावरोध, मलूल चोखणे, क्षीण रडणे, मान ढिली पडणे ही त्याची लक्षणे. ती दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. गायी-म्हशीचे दूध वर्षाच्या आत पिण्यासाठी देऊ नये: त्यात लोह नगण्य असते आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्तही झिरपते. खिरीत थोडे घातले तर चालते. मीठ, साखर, गूळ, फळांचा रस, चहात बुडवलेले बिस्कीट, माल्टच्या पावडरी आणि ‘बाळांची’ म्हणून विकली जाणारी बिस्किटे हे सगळे नको. चहा तर लोहाचे शोषणच अडवतो. अख्खे शेंगदाणे, द्राक्षे, चणे घशात अडकतात.

अंडे आणि शेंगदाणा यांना मात्र या यादीत जागा नाही. ॲलर्जीच्या भीतीने ते वर्षभर लांबवण्याची जुनी पद्धत २०१५ च्या ‘लीप’ अभ्यासानंतर मोडीत निघाली. शेंगदाणा लवकर आणि नियमित दिलेल्या बाळांत त्याची ॲलर्जी कितीतरी कमी आढळली. पूर्ण शिजलेले अंडे कुस्करून, आणि भाजलेल्या शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट खिरीत पातळ करून, एका वेळी एकच नवा पदार्थ, सकाळी द्यावा, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर दिवसाउजेडी लक्षात येते. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून हे सुरू करावे.