ग्रॅच्युइटी उशिरा मिळाली, मग व्याज कुठे गेले?

भोसरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या मते प्रश्न सुटलेला होता. दीड वर्ष हेलपाटे घालून अखेर ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला होता. त्यांना फक्त एवढेच विचारायचे होते की रक्कम बरोबर आहे का. रक्कम बरोबर होती. पण तिच्यावरचे व्याज कंपनीने दिलेलेच नव्हते, आणि ते मागता येते हे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

आधी त्यांचा हिशोब पाहू. 1 ऑगस्ट 2015 रोजी ते कामाला लागले आणि 31 मार्च 2023 रोजी राजीनामा देऊन बाहेर पडले. सेवा भरली सात वर्षे आठ महिने. पाच वर्षांची अट पुरी झाल्यावर शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक दिवस भरले असतील, तर ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणून सेवा आठ वर्षांची धरायची. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 31,200 रुपये होता. त्याला 26 ने भागले की एका दिवसाचे 1,200 रुपये येतात, पंधरा दिवसांचे 18,000, आणि आठ वर्षांचे 1,44,000. कंपनीने तेवढेच दिले, पण दिले 30 सप्टेंबर 2024 रोजी.

त्यांची नोकरी सुटली तेव्हा 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता. त्याचे कलम 7 मालकावर दोन कामे टाकते. ग्रॅच्युइटी देय झाली की रक्कम ठरवून कामगाराला लेखी कळवायची, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांत ती द्यायची. कामगाराने अर्ज केलेला असो वा नसो, रक्कम ठरवण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. त्यामुळे ‘तुम्ही फॉर्मच भरला नाही’ हे कंपन्यांचे आवडते उत्तर कायद्यात टिकत नाही. ‘विमा कंपनीच्या ट्रस्टकडून पैसे आले नाहीत’ हेही नाही. ग्रॅच्युइटीचे पैसे कंपनीने कुठे गुंतवले हा तिचा प्रश्न. द्यायचे मात्र तिनेच.

1987 मध्ये या कलमात 3अ हे पोटकलम घातले गेले. तीस दिवसांत पैसे दिले नाहीत, तर मालकाने सरळ व्याज द्यायचे. केंद्र सरकारने अधिसूचनेने हा दर वर्षाला 10 टक्के ठरवला. यातली एक गोष्ट वकीलसुद्धा कधीकधी चुकवतात. व्याज एकतिसाव्या दिवसापासून मोजायचे नसते. तीस दिवसांची सवलत वेळेवर देणाऱ्यासाठी आहे. ती हुकली, की ग्रॅच्युइटी देय झाली त्या तारखेपासून पैसे हाती पडेपर्यंतचे सगळे व्याज लागते. आमच्या गृहस्थांचे अठरा महिने झाले. वर्षाला 14,400, म्हणजे दीड वर्षाचे 21,600 रुपये. कंपनीच्या अकाउंट्स विभागाने नंतर महिनाभर वगळून 20,400 चा आकडा पुढे केला होता. तो नाकारावा लागला.

व्याज देणे मालकाच्या मर्जीवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये एच. गंगाहनुमे गौडा यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. व्याजातून सुटका एकाच वाटेने होते. उशीर कामगाराच्या चुकीमुळे झालेला असला पाहिजे, आणि त्या कारणासाठी मालकाने नियंत्रक प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतलेली असली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र लागतात. ‘तुमचे नो ड्यूज अपुरे होते, लॅपटॉप परत आला नव्हता’ असे पत्र या कंपनीनेही पाठवले. आम्ही उत्तरात एवढेच विचारले की प्राधिकाऱ्याची परवानगी कोणत्या तारखेची आहे. त्या पत्राला उत्तर आले नाही.

मला खरी काळजी होती ती दुसऱ्याच कागदाची. चेक देताना कंपनीने ‘फुल अँड फायनल’च्या पावतीवर सही मागितली होती. तिच्यात ‘आता माझे कोणतेही येणे बाकी नाही’ असे छापलेले असते. अशा सहीने कायद्याने दिलेला हक्क संपत नाही, पण मालक तोच कागद पुढे करतो आणि वाद लांबतो. यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले होते: ‘व्याजाचा हक्क राखून रक्कम स्वीकारली.’ ही बुद्धी त्यांना कुठून सुचली कोण जाणे, पण त्या एका ओळीने आमचे निम्मे काम केले. मूळ रक्कम घेतल्यामुळे व्याजाचा दावा बुडत नाही. चेक नाकारायची गरज नसते.

पुढची पायरी नियंत्रक प्राधिकाऱ्याची, आणि इथे बऱ्याच जणांचे पत्ते चुकतात. महाराष्ट्रात राज्याच्या अखत्यारीतल्या आस्थापनांसाठी हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. मात्र कंपनीच्या शाखा एकाहून अधिक राज्यांत असतील, तर प्रकरण केंद्राच्या अखत्यारीत जाते आणि अर्ज केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे करायचा असतो. चुकीच्या दारी अर्ज केला, तर तो परत येईपर्यंत महिने जातात. म्हणून आधी कंपनीच्या लेटरहेडवरचे शाखांचे पत्ते वाचावेत.

मालकाकडे द्यायचा अर्ज ‘फॉर्म आय’. तो पोचपावती मिळेल असा पाठवायचा. मालकाने पंधरा दिवसांत रक्कम कळवायची असते. त्याने नाकारले, कमी रक्कम ठरवली किंवा गप्प बसला, तर नव्वद दिवसांच्या आत प्राधिकाऱ्याकडे ‘फॉर्म एन’ करायचा. आमचे प्रकरण इथेच अडले. फॉर्म आय 2023 च्या एप्रिलमध्ये गेला होता, पण पुढचे नव्वद दिवस ‘प्रोसेसमध्ये आहे, पुढच्या महिन्यात होईल’ अशा मेलवर विश्वास ठेवण्यात निघून गेले. प्राधिकारी सबळ कारण असेल तर उशीर माफ करू शकतात, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला. त्याला पुरावा म्हणून लावले ते एचआरचे तेच मेल, तारीखवार. त्यांनी ते जपून ठेवले नसते, तर हा अर्ज कशाच्या जोरावर उभा राहिला असता?

प्राधिकाऱ्याने आदेश दिल्यावरही मालकाने पैसे दिले नाहीत, तर कलम 8 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे वसुलीचा दाखला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्या टप्प्यावर चक्रवाढ व्याज लागते, मात्र त्याची रक्कम ग्रॅच्युइटीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. मालकाला अपील करता येते, पण त्यासाठी ग्रॅच्युइटीइतकी रक्कम आधी जमा करावी लागते. त्यामुळे छोट्या रकमांच्या आदेशांविरुद्ध फारसे कोणी वर जात नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे. तीस दिवसांची मुदत आणि उशिराच्या व्याजाची तरतूद तिच्यात कायम आहे. नियंत्रक प्राधिकाऱ्याऐवजी आता सक्षम प्राधिकारी म्हणतात, आणि ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार कमी दाखवून बाकीचे भत्त्यांत टाकण्याची जुनी युक्तीही अवघड झाली आहे, कारण वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो.

आमच्या गृहस्थांना 21,600 चा आदेश मिळाला. कंपनीने अपील केले नाही, वसुलीचा दाखलाही लागला नाही. चेक घ्यायला ते गेले तेव्हा अकाउंटंटने पुन्हा तीच छापील पावती पुढे केली. या वेळी राखून ठेवण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांनी ती शांतपणे पूर्ण वाचली आणि सही केली.