झेल घेताना हात मागे का घ्यायचे?

टेनिस बॉल बिनधास्त झेलणारी मुलं सीझन बॉल समोर आला की बिचकतात. त्यात चूक काहीच नाही. दोन्ही चेंडू सारख्याच वेगाने आले तरी सीझन बॉल हाताला जास्त लागतो, कारण त्याचं वस्तुमान जास्त आहे: टेनिस बॉल साधारण ६० ग्रॅमचा, तर सीझन बॉल जवळपास १६० ग्रॅमचा.

पण वस्तुमान ही अर्धीच गोष्ट झाली. समजा, सीझन बॉल सेकंदाला १० मीटर वेगाने आला आणि तुम्ही हात ताठ ठेवून तो ०.०२ सेकंदात थांबवला. म्हणजे १० चा वेग इतक्या कमी वेळात शून्यावर आला. वेग किती झपाट्याने बदलतो, ते सांगणारी राशी म्हणजे त्वरण. १० ला ०.०२ ने भागा, उत्तर येतं ५००. आता त्याला ०.१६ किलोग्रॅमने गुणा. हाताला सरासरी ८० न्यूटन बल लावावं लागलं आणि चेंडूनेही हातावर तेवढंच बल लावलं. जणू आठ किलोचं ओझं क्षणभर तळव्यावर टेकलं!

आता तोच चेंडू, तोच वेग. फक्त हात चेंडूबरोबर मागे घ्या. थांबायला ०.१ सेकंद लागला, तर त्वरण १०० वर येतं आणि बल १६ न्यूटनवर. वेळ पाचपट झाला, बल एक पंचमांश झालं. प्रशिक्षक ‘हात मागे घे’ असं ओरडतात ते यासाठीच.

| मराठी | इंग्रजी | चिन्ह | एकक |
|---|---|---|---|
| बल | फोर्स | F | N |
| वस्तुमान | मास | m | kg |
| त्वरण | अ‍ॅक्सिलरेशन | a | m/s² |
| बल = वस्तुमान × त्वरण | फोर्स = मास × अ‍ॅक्सिलरेशन | F = m × a | N = kg × m/s² |

न्यूटनने गतीचे नियम १६८७ साली ग्रंथरूपाने मांडले. त्यातला हा दुसरा नियम वापरताना मुलं एका ठिकाणी हमखास अडखळतात. मैदानावरचा रोलर एकट्याने जीव खाऊन ढकलला तरी हलत नाही, मग बल लावूनही त्वरण शून्य कसं? कारण सूत्रातलं F म्हणजे फक्त तुमचं बल नव्हे. सगळ्या बलांची वजाबाकी-बेरीज करून जे उरतं, ते F.

असं धरू की रोलर २०० किलोचा आहे, त्याला अडवणारं घर्षण ३०० न्यूटनपर्यंत जातं आणि प्रत्येक मुलगा २०० न्यूटन बल लावतो. एकटा ढकलेल तेव्हा घर्षण त्याच्याइतकंच उलटं बल लावतं, उरतं शून्य. दोघांचे होतात ४००. त्यातून ३०० गेले, उरले १००, म्हणून त्वरण ०.५. तिसरा मित्र आला की उरतात ३०० आणि त्वरण होतं १.५. माणसं दीडपट झाली, त्वरण मात्र तिप्पट!