दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटे, हिशेब वेळेचा

पुणे - एमबीए प्रवेशासाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे घेतल्या जाणाऱ्या सीईटीमध्ये खरी कसोटी लागते ती वेळेच्या वाटपाची. शहरातील एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने परीक्षार्थींसमोर केलेल्या छोटेखानी भाषणात याच हिशेबाची उकल केली.

सन 2025 च्या परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न होते. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 45 सेकंद. तार्किक क्षमतेचे 75, आकृत्यांवरील तर्काचे 25, गणिताचे 50 आणि भाषा व उताऱ्यांचे 50 प्रश्न. कॅटमध्ये प्रत्येक विभागाची वेळ संपली, की तो विभाग बंद होतो. सीईटीत असे बंधन नाही आणि घात होतो तो या मोकळीकीनेच.

या विद्यार्थ्याने स्वतःच्या एका सराव परीक्षेचे उदाहरण दिले. गोलाकार बैठकीच्या एका कोड्यावर त्याची नऊ मिनिटे गेली. त्यावर प्रश्न होते पाच. तेवढ्या वेळात सरासरीने बारा प्रश्न झाले असते. इतका वेळ दिला, आता सोडायचे कसे, या विचाराने तो अडकत गेला. तार्किक विभागातच 88 मिनिटे संपली आणि आकृत्यांचे 20 प्रश्न न वाचताच राहिले. घरी तेच प्रश्न सोडविले, तेव्हा दहा मिनिटांत 14 बरोबर आले.

त्यानंतर त्याने वाटणी बदलली. आकृत्यांना 15, भाषेला 30, तार्किक विभागाला 55 आणि गणिताला 40 मिनिटे. उरलेली दहा राखीव. झटपट सुटणारे विभाग आधी घेतल्याने प्रत्येक सोपा प्रश्न निदान नजरेखालून जातो. कोड्यासाठी तीन मिनिटांची मर्यादा. तेवढ्या वेळात कागदावर निम्मी मांडणीही पक्की झाली नाही, तर खूण करून पुढे जायचे. घड्याळ मात्र प्रत्येक प्रश्नानंतर नव्हे, तर विभाग संपताना पाहायचे.

राखीव वेळेतील शेवटची तीन मिनिटे कोऱ्या प्रश्नांसाठी. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पाच पर्याय धरले, तर 30 कोऱ्या प्रश्नांत अंदाजाने सरासरी सहा गुण मिळू शकतात. कॅटमध्ये मात्र चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला एक गुण कापला जात असल्याने ही युक्ती तेथे अंगलट येते.

ही वाटणी सर्वांना जशीच्या तशी लागू पडणार नाही. ज्याचे गणित पक्के, त्याने तेथील पाच मिनिटे तार्किक विभागाला द्यावीत. मात्र हा बदल सराव परीक्षेत करून पाहावा, परीक्षा केंद्रात नव्हे, असे त्याने बजावले.