रोज सकाळची धार आणि मॅट्रिक्सचा घातांक

हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनसाठी रुग्णालयांत टेक्नेशियम-99एम हा किरणोत्सारी पदार्थ वापरतात. त्याचे अर्धायुष्य फक्त 6 तासांचे असल्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयात येतो तो त्याचा जनक, सुमारे 66 तास अर्धायुष्य असलेला मॉलिब्डेनम-99. तो ॲल्युमिनाच्या नळीत घट्ट धरून ठेवलेला असतो. त्यातून टेक्नेशियम तयार होत राहते आणि सकाळी सलाइन सोडले की ते धुऊन बाहेर येते. अमेरिकेतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत 1950च्या दशकाच्या अखेरीस हे उपकरण विकसित झाले. या क्षेत्रातले लोक त्याला ‘गाय’ आणि धुण्याला ‘धार काढणे’ म्हणतात.

आज धार काढली, तर उद्या याच वेळी किती टेक्नेशियम मिळेल?

मॉलिब्डेनमचे अणू M आणि टेक्नेशियमचे T मानू. M दर तासाला स्वतःच्या a पट वेगाने घटतो. T मध्ये तेवढीच भर पडते आणि T स्वतः b पट वेगाने घटतो. अर्धायुष्ये 66 आणि 6 तास, म्हणून b बरोबर 11a.

```
M' = -a M
T' =  a M - 11a T
```

उजवीकडच्या सहगुणकांचा 2×2 मॅट्रिक्स म्हणजे A. समीकरण एकच असते, तर उत्तर ‘सुरुवातीचे मूल्य गुणिले e चा घात’ असे आले असते. इथेही तसेच येते, फक्त e च्या घातात मॅट्रिक्स बसतो. त्याचा अर्थ नेहमीच्या श्रेणीतून लावायचा: I + At + (At)²/2! + … अडचण एवढीच की A चे घात काढत बसणे कंटाळवाणे आहे.

कर्णीकरण इथे कामाला येते. M आणि T 10 : 1 या प्रमाणात असतील, तर पहिल्या समीकरणात −10a येते आणि दुसऱ्यात 10a − 11a, म्हणजे −a. दोन्ही एकाच दराने घटतात, प्रमाण ढळत नाही. अशी दुसरी दिशा 0 : 1, म्हणजे नुसते टेक्नेशियम, तिचा दर −11a. या दिशा आयगेन सदिश आणि हे दर आयगेन मूल्ये. सदिश स्तंभ म्हणून मांडले की P, दर कर्णावर मांडले की D, आणि A = PDP⁻¹. घात करताना मधले P⁻¹P एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे संपूर्ण श्रेणी PeᴰᵗP⁻¹ एवढ्यावर येते. आता e चा घात फक्त कर्णावरच्या साध्या संख्यांचा काढायचा.

सुरुवातीला M = 1000, T = 0 धरू. ही स्थिती म्हणजे पहिल्या दिशेचे 100 भाग वजा दुसऱ्या दिशेचे 100 भाग. म्हणून T = 100(e⁻ᵃᵗ − e⁻¹¹ᵃᵗ). 24 तासांनी पहिला घात 0.777 उरतो, दुसरा 0.0625. म्हणजे T सुमारे 71.5. (प्रत्यक्षात मॉलिब्डेनमचे सुमारे 12 टक्के अणू 99एम ही पायरी गाळून पुढे जातात, म्हणून आकडा तेवढा कमी धरायचा.) याच सूत्रातून सर्वोच्च बिंदू सुमारे 23 तासांवर येतो आणि त्याच्या आसपास आलेख जवळजवळ सपाट असतो. दिवसातून एकदा धार काढण्याची रीत या गणिताला चपखल बसते.

```
24 तासांचा मॅट्रिक्स:
0.777    0
0.0715   0.0625
```

हा मॅट्रिक्स एकदाच काढायचा. दुसऱ्या सकाळी बदलते ती फक्त प्रारंभिक स्थिती. धार पूर्ण निघाली असेल तर ती (777, 0) आणि तिसऱ्या सकाळी मिळतात 55.5. नळीत 7 अणू मागे राहिले असतील तर दुसरा स्तंभ त्यांचा हिशेब करतो आणि 0.4ची भर पडते. त्यासाठी समीकरण पुन्हा सोडवावे लागत नाही.

ही पद्धत अडते कुठे? दोन अर्धायुष्ये अगदी सारखी असती, तर दोन्ही दिशा एकच झाल्या असत्या, P चा व्यस्त निघालाच नसता आणि उत्तरात te⁻ᵃᵗ असे वेगळेच पद आले असते. खरा धोका मात्र ती जवळजवळ सारखी असताना असतो. तेव्हा P⁻¹ मध्ये प्रचंड संख्या येतात, त्यांची वजाबाकी होते आणि संगणकाचे अचूक अंक त्यात बुडतात, तेही कोणतीही सूचना न देता. क्लीव्ह मोलर आणि चार्ल्स व्हॅन लोन यांनी 1978 साली मॅट्रिक्सचा घातांक काढण्याच्या एकोणीस ‘शंकास्पद’ पद्धती तपासल्या, त्यांत हीही होती. म्हणून मॅटलॅबमधील `expm(A)` आयगेन सदिशांवर विसंबत नाही. ते मॅट्रिक्स आधी लहान करते, त्याचा घातांक काढते आणि मग वारंवार वर्ग करत मूळ आकारावर आणते.

त्याच मॅटलॅबमध्ये `exp(A)` प्रत्येक घटकाचा घात वेगवेगळा काढते आणि विद्यार्थी हमखास इथे फसतात. तपासायला t = 0 घालावे. खऱ्या घातांकातून एकक मॅट्रिक्स मिळतो, म्हणजे सुरुवातीची स्थिती जशीच्या तशी राहते. घटकवार घातातून चारही जागी 1 येतो आणि एकही क्षण न जाता 1000 टेक्नेशियम अणू हजर होतात.