साडूचे खोके आणि आचारसंहितेचे कलम

बहुतेक कंपन्यांच्या आचारसंहितेत हितसंघर्षाचे कलम साधारण असे असते: कर्मचाऱ्याने आपले वैयक्तिक हित कंपनीच्या हिताशी विसंगत ठरेल किंवा तसे भासेल अशी कोणतीही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष परिस्थिती टाळावी, आणि ती उद्भवल्यास सक्षम अधिकाऱ्यास तत्काळ अवगत करावे. वकिलाला यात फारसे खटकत नाही. पण हे वाचून आपल्याबद्दल लिहिले आहे असे कुणालाच वाटत नाही. वाचणारा मनात एखादा लबाड माणूस आणतो, तो आपण नाही याची खात्री करून घेतो आणि खाली सही करतो.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे असे समजू. तिथला खरेदी अधिकारी दरवर्षी पॅकिंगच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी तीन-चार पुरवठादारांकडून दर मागवतो. यंदा त्यात त्याच्या साडूचाही दर आला आहे आणि तो खरोखरच सगळ्यांत कमी आहे. अधिकाऱ्याने साडूच्या धंद्यात पैसा घातलेला नाही, कमिशनही मागितलेले नाही. वरचे कलम त्याला तोंडपाठ असले, तरी तो प्रामाणिकपणे म्हणेल की इथे माझे हित कुठे आले, उलट कंपनीचे पैसे वाचले. ऑर्डर निघते. सहा महिन्यांनी ओलसर, हलक्या पुठ्ठ्याची खोकी येऊ लागतात. माल परत पाठवायचा की नाही, हे ठरवायला पुन्हा तोच अधिकारी बसलेला असतो. संघर्षाची खरी जागा ही असते. दराच्या दिवशी तो दिसला नाही, कारण कलमाने त्याला तो कुठे पाहायचा हे सांगितलेच नव्हते.

कायद्याची व्याख्या इथे उपयोगी पडत नाही. कंपनी कायदा, 2013 मधील ‘नातेवाईक’ या संज्ञेत संयुक्त हिंदू कुटुंबातील सदस्य, पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण येतात. साडू, मेव्हणा, भाचा, आतेभाऊ, व्याही यांतला कुणीही येत नाही. कायद्याने ही यादी मुख्यतः संचालक आणि वरिष्ठ पदाधिकाऱ्यांच्या व्यवहारांसाठी बांधली आहे. सेबीच्या 2015 च्या नियमांतली आचारसंहितेची सक्तीही नोंदणीकृत कंपन्यांचे संचालक आणि वरिष्ठ व्यवस्थापन यांच्यापुरती आहे. खरेदी, भंगार विक्री, वाहतुकीचा ठेका, कॅन्टीन, नोकरभरती या रोजच्या जागांवर बसलेल्या माणसासाठी कंपनीला स्वतःचेच वाक्य लिहावे लागते. अनेक कंपन्या मात्र कायद्याची यादी उचलून संहितेत टाकतात. मग साडूच्या प्रकरणात चौकशी झाली, तर तीच यादी अधिकाऱ्याच्या बचावाला येते.

उदाहरणे देऊन नियम स्पष्ट करण्याची पद्धत भारतात नवी नाही. मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये दंड संहितेचा जो मसुदा केला, त्यात कलमांखाली लहान लहान प्रसंग जोडलेले होते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत ते आले, आणि 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती पद्धत कायम आहे. चोरीच्या कलमाखालची उदाहरणे आजही पाहण्यासारखी आहेत. दुसऱ्याच्या जमिनीवरचे झाड नेण्यासाठी तोडणे ही चोरी आहेच; पण रस्त्यावर पडलेली, कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर ती चोरी नाही, गुन्हा झालाच तर तो वेगळा, असेही एक उदाहरण आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंचे प्रसंग दिल्यामुळे रेषा नेमकी कुठून जाते ते कळते. कंपन्यांच्या संहितेत उदाहरणे असलीच, तर ती बहुधा एकाच बाजूची असतात: लाच घेणारा अधिकारी, बनावट बिल, चोरून विकलेली माहिती. त्यांतून कुणाला काही शिकायला मिळत नाही, कारण ते चूक आहे हे सगळ्यांना आधीच माहीत असते.

म्हणून कलम नव्याने लिहिताना पहिले काम शब्दांचे नसते. कंपनीच्या वतीने निवड कोण कोण करते, हे आधी कागदावर मांडावे लागते. दर कोण मागवतो, माल कोण तपासतो, बिल कोण मंजूर करतो, मुलाखतीला कोण बसतो, भंगाराच्या काट्यावर कोण उभे असते. त्यानंतर मागच्या दोन-तीन वर्षांत मनुष्यबळ विभागाकडे लोकांनी कोणते प्रश्न विचारले ते पाहावे लागते. ‘हे चालेल का?’ असे ज्याबद्दल विचारले गेले, तो प्रसंग सीमेवरचा असतो आणि उदाहरण व्हायच्या लायकीचा असतो. ज्याबद्दल कुणी कधीच विचारत नाही, ते एक तर उघड असते किंवा लपवलेले असते.

मग मूळ नियम साध्या भाषेत मांडायचा. चाकणच्या त्या कारखान्यासाठी तो असा होऊ शकेल: ‘ज्या निर्णयाने तुमचा, तुमच्या घरच्यांचा किंवा जवळच्या माणसाचा फायदा किंवा तोटा होऊ शकतो, तो निर्णय कंपनीसाठी तुम्ही घेऊ नका. असा प्रसंग दिसताच विभागप्रमुख आणि मनुष्यबळ विभाग या दोघांना लेखी कळवा. लेखी उत्तर येईपर्यंत त्या कामापासून बाजूला राहा. जवळचा माणूस म्हणजे ज्याला नाही म्हणणे तुम्हाला जड जाईल तो. नाते, मैत्री किंवा देणेघेणे, कारण कोणतेही असो.’ शेवटचे वाक्य वकिलाला सैल वाटेल. पण साडू, शेजारी आणि हातउसने पैसे देणारा मित्र या तिघांनाही ते पकडते, आणि ते वाचणाऱ्याला आपल्या आयुष्यातली खरी माणसे आठवतात.

त्याखाली पहिले उदाहरण साडूचेच. ‘तुम्ही खरेदी विभागात आहात. खोक्यांसाठी आलेल्या दरांत तुमच्या साडूच्या फर्मचा दर आहे. दरपत्रके उघडण्यापूर्वी हे कळवा. दरांची तुलना, ऑर्डर, मालाची तपासणी, तक्रार आणि बिल यांपैकी कोणतेही काम तुम्ही करायचे नाही; ते दुसरा अधिकारी करील. साडूला दर देण्यास मनाई नाही. त्याचा दर सगळ्यांत कमी असला तरी हा नियम लागू आहे, कारण माल खराब निघाला तर परत पाठवण्याचा निर्णयही कुणाला तरी घ्यावाच लागेल.’ उदाहरणातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. ‘दर कमी होता’ हे समर्थन चौकशीत नेहमी पुढे येते, आणि ते का पुरत नाही हे आधीच सांगून ठेवलेले बरे. शिवाय यातून साडूचा धंदा बुडत नाही आणि अधिकाऱ्यावर डागही लागत नाही. नाते असणे हा दोष नाही, ते ठेवून निर्णयात बसणे हा दोष आहे, हे कळले तरच लोक आपणहून कळवतात. कळवणे म्हणजे गुन्हा कबूल करणे अशी समजूत असलेल्या कंपनीत घोषणापत्रे वर्षानुवर्षे कोरीच परत येतात.

दुसरे उदाहरण मुद्दाम सौम्य बाजूचे घ्यावे. ‘तुमच्या भाचीने कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला आहे. तिला जाहिरातीची माहिती देणे, अर्ज कसा भरायचा ते सांगणे यात काही गैर नाही, कळवण्याचीही गरज नाही. मात्र तुम्ही मुलाखत समितीवर असाल, किंवा ती तुमच्या हाताखाली काम करणार असेल, तर कळवा आणि समितीतून बाहेर राहा.’ तिसरे शेअर्सचे. कंपनीच्या एखाद्या मोठ्या, नोंदणीकृत ग्राहकाचे थोडे शेअर्स बाजारातून घेतलेले असतील, तर त्यांची किंमत आपल्या खरेदी-विक्रीच्या एखाद्या निर्णयाने हलत नाही. ते कळवायला नको. पण ज्या खासगी वर्कशॉपला आपण जॉबवर्क देतो, त्यात पत्नीच्या नावावर दहा टक्के भागीदारी असेल, तर तिथे प्रत्येक ऑर्डरमागे घरात पैसा येतो. दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवले की आकड्यांच्या मर्यादा फारशा लागत नाहीत. मर्यादा हे दुधारी शस्त्र आहे. भेटवस्तूंवर पाच हजारांची मर्यादा घातली, तर दिवाळीत साडेचार हजारांची पाकिटे निरनिराळ्या नावांनी येतात आणि नियम मात्र मोडलेला नसतो.

उदाहरणांचा एक धोका खरा आहे. पुढे कुणी म्हणेल, भंगार व्यापाऱ्याशी माझी भागीदारी आहे, पण यादीत फक्त खोकी, नोकरी आणि वर्कशॉप आहे. म्हणून उदाहरणांच्या आधीच लिहावे लागते की ती नियम समजावण्यासाठी आहेत, नियम त्यांच्यापुरता नाही. कायद्यातल्या उदाहरणांचेही असेच असते: त्यांनी कलमाचा अर्थ उजळतो, पण कलमाचा आवाका त्यांनी वाढत नाही आणि आखूडही होत नाही. एवढ्यावर न थांबता कलम छापण्यापूर्वी त्याची चाचणी घ्यावी. स्टोअर, गुणवत्ता, लेखा अशा विभागांतल्या दहा-बारा जणांना नवे कलम वाचायला द्यायचे आणि त्यात नसलेले तीन प्रसंग विचारायचे. उदाहरणार्थ, गुणवत्ता निरीक्षक रविवारी एका पुरवठादाराच्या कारखान्यात पगारी सल्ला देतो, त्याने काय करावे? बहुतेकांचे उत्तर जुळले तर उदाहरणांमधून नियम पोचला. उत्तरे विखुरली तर आणखी उदाहरणे घालण्याआधी मूळ वाक्यच पुन्हा पाहावे. चूक बहुधा तिथे असते. ही चाचणी मराठीतूनच घ्यावी. इंग्रजी मसुद्यावर दुकानमजल्यावरची माणसे मान हलवतात, आणि त्या मान हलवण्यावरून काहीच कळत नाही.

कळवायचे कुणाला, हा भाग कलमात सहसा एका शब्दात उरकला जातो. ‘सक्षम अधिकारी’ लिहिले की काम झाले असे वाटते. पण विभागप्रमुखाचाच मेव्हणा ठेकेदार असेल तर? म्हणूनच वरच्या कलमात दोघांना कळवायला सांगितले आहे, आणि व्यवस्थापकीय संचालकाच्या बाबतीत ते संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीकडे जायला हवे. सूट कोण देऊ शकतो हेही लिहून ठेवावे लागते. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीत आचारसंहिता होती, आणि वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांनी चालवलेल्या भागीदारी संस्थांशी कंपनीने व्यवहार करावेत यासाठी संचालक मंडळाने 1999 मध्ये ती त्यांच्यापुरती बाजूला ठेवली. नियम तोडला गेला नाही, सूट देऊन ओलांडला गेला. 2001 मध्ये कंपनी कोसळल्यावर 2002 च्या सर्बेन्स-ऑक्सली कायद्याने वरिष्ठ वित्त अधिकाऱ्यांना संहितेतून दिलेली सूट तातडीने जाहीर करणे नोंदणीकृत कंपन्यांवर बंधनकारक केले. चाकणच्या कारखान्याला एवढे नको. दिलेली प्रत्येक परवानगी तारीख, अटी आणि कारणासह एका नोंदवहीत लिहिली जावी आणि ती वही वर्षातून एकदा लेखापरीक्षकाने पाहावी, इतके पुरते.

त्याच नोंदवहीतून पुढच्या वर्षीची उदाहरणे निघतात. खोक्यांचा प्रश्न एव्हाना सगळ्यांना पाठ झालेला असतो, आणि वहीत नव्याने दिसतात ते वेगळेच प्रसंग: कॅन्टीनच्या ठेकेदाराकडून घेतलेले हातउसने पैसे, किंवा मुलाच्या लग्नाला वाहतूकदाराने फुकट दिलेल्या गाड्या. त्यांतला एखादा प्रसंग कलमात घेताना विभाग, नाते आणि वस्तू अशी बदलावी लागते, की ते प्रकरण ज्याचे होते त्याला जेवणाच्या सुट्टीत कुणी ओळखू नये. एकदा जरी कुणी ओळखला गेला, तर त्यानंतर कळवायला कुणी येत नाही.