ठिपक्यांचा संदेश कसा उलगडावा

कोड्यात ठिपक्यांच्या छोट्या चौकटी ओळीने मांडलेल्या दिसल्या, आणि प्रत्येक चौकटीत दोन उभ्या रांगा व तीन आडव्या ओळी असतील, तर तो संदेश बहुधा ब्रेल लिपीत असतो. ही लिपी फ्रान्सच्या लुई ब्रेल यांनी तयार केली आणि 1829 मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. चौकटीतल्या सहा जागांना ठरलेले क्रमांक आहेत: डाव्या रांगेत वरून खाली 1, 2, 3 आणि उजव्या रांगेत 4, 5, 6. ठिपका कोणत्या जागेवर आहे आणि कोणती जागा मोकळी आहे, यावरून अक्षर ठरते.

सव्वीस इंग्रजी अक्षरांच्या आकृत्या सुट्या सुट्या पाठ करण्याची गरज नसते, कारण त्यांच्या रचनेत एक क्रम आहे. ए ते जे ही पहिली दहा अक्षरे वरच्या चार जागांतच बसतात. पुढची दहा, म्हणजे के ते टी, याच आकृत्यांना ठिपका 3 जोडून होतात. यू, व्ही, एक्स, वाय, झेड ही अक्षरे पहिल्या पाच आकृत्यांना 3 आणि 6 असे दोन्ही ठिपके जोडून मिळतात. डब्ल्यू या क्रमात बसत नाही. त्या काळच्या फ्रेंच वर्णमालेत त्याला स्थान नव्हते, म्हणून त्याला 2-4-5-6 अशी वेगळी आकृती मिळाली.

त्यामुळे उलगडताना चौकटीची तळाची ओळ आधी पाहावी. ती रिकामी असेल तर अक्षर पहिल्या दहांतले, फक्त डावीकडे ठिपका असेल तर दुसऱ्या दहांतले आणि दोन्हीकडे असतील तर शेवटच्या पाचांतले. फक्त उजवीकडे ठिपका असेल, तर तो डब्ल्यू.

समजा, संदेश असा आहे:

⠺⠑⠎⠞ ⠼⠙

पहिल्या चौकटीत तळाला फक्त उजवा ठिपका आहे, म्हणून डब्ल्यू. दुसरीत 1-5 आहेत आणि तळ रिकामा आहे, म्हणून ई. तिसरीत 2-3-4 आहेत. त्यातला 3 वगळला की 2-4 उरतात, म्हणजे आय. आय हे पहिल्या दहांतले नववे अक्षर, म्हणून इथे दुसऱ्या दहांतले नववे अक्षर, एस, घ्यायचे. चौथीतल्या 2-3-4-5 मधून 3 वगळल्यावर जे, म्हणजे दहावे अक्षर उरते, म्हणून टी. शब्द झाला वेस्ट, म्हणजे पश्चिम. पुढची 3-4-5-6 ही आकृती अक्षर नसून अंकचिन्ह आहे. त्याच्यामागून येणारी ए ते आय ही अक्षरे 1 ते 9 म्हणून आणि जे शून्य म्हणून वाचायचे असते. शेवटची 1-4-5 ही आकृती एरवी डी, पण इथे तिचा अर्थ 4. म्हणजे पूर्ण संदेश ‘पश्चिम 4’.

सर्वांत जास्त घोळ होतो तो दिशेचा. अनेक आकृत्या एकमेकींची आरशातली प्रतिबिंबे आहेत: ई आणि आय, डी आणि एफ, एच आणि जे, आर आणि डब्ल्यू. पाटी व टोचणीने लिहिताना कागद मागून टोचला जातो, त्यामुळे टोचलेली बाजू वाचली तर सगळेच उलटे येते. कागद फिरवून धरल्यानेही असेच होते. पण चूक ओळखता येते. प्रत्येक इंग्रजी अक्षराला वरच्या ओळीत आणि डाव्या रांगेत निदान एक ठिपका असतोच. वरचा संदेश डोक्याकडून पायाकडे फिरवला तर ई ची आकृती 2-6 दिसते. तिच्या वरच्या ओळीत काहीच नाही, म्हणून कागद उलटा धरला आहे हे कळते. मोकळ्या जागा कोड्यात पोकळ वर्तुळांनी दाखवलेल्या नसतील, तर एकटा ठिपका नेमका कोणत्या जागेवरचा हे शेजारच्या चौकटींशी उंची ताडून ठरवावे लागते.

आकृत्या स्वच्छ वाचूनही अर्थ लागत नसेल, तर संदेश मराठीत असू शकतो. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये क, त, र, न, म, ल यांच्या आकृत्या के, टी, आर, एन, एम, एल यांच्याच आहेत, पण मात्रेसाठी त्या स्वराची स्वतंत्र चौकट व्यंजनानंतर येते. ‘किती’ हा शब्द ⠅⠊⠞⠔ असा लिहिला जातो. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती क नंतर येते. इंग्रजी म्हणून वाचल्यास तीन अक्षरे जुळतात आणि चौथी आकृती, 3-5, कोणत्याच अक्षराशी जुळत नाही. इंग्रजी तक्त्यात न सापडणारी अशी आकृती मधेच आली, तर आधी कागदाची दिशा तपासावी आणि ती बरोबर असेल, तर भारती ब्रेलचा तक्ता हाती घ्यावा.